दुचाकीवरून अलिबाग ते गुहागर: टोल, हायवे, फेरीबोट टाळायची बटणं नेमकी कशी ठेवायची?

समुद्रकाठ

नमस्कार. मी आणि धाकटी बहीण १२५ सीसीच्या स्कूटरवरून अलिबागहून गुहागरला जाणार आहोत. घाई नाही, दोन दिवस हाताशी आहेत. सगळा प्रवास समुद्राच्या कडेने करायचा आहे. मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर, हर्णै, दाभोळ आणि मग पलीकडे गुहागर. मधल्या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या.

गूगल मॅप्सवर दुचाकीचं चिन्ह निवडलंय, तरी रस्ता असा येत नाही. आधी पेणवरून, मग आतल्या गावांतून कुठेतरी म्हसळा, आंबेत, मंडणगड असं नेतोय आणि तिथून खेडकडे वळवतोय. फेरीबोट एकही दिसत नाही. तीन टिंबांवर दाबून Options उघडलं, तर Avoid tolls, Avoid highways आणि Avoid ferries तिन्ही चालू आहेत. ती मीच कधी ना कधी लावली आहेत. पुण्याला जाताना एक्सप्रेसवेवर जायची भीती वाटली म्हणून टोल टाळला. ट्रकांना कंटाळून हायवे टाळला. मुंबईला जाताना मांडव्याची बोट दाखवत होता म्हणून फेरी टाळली. आता यातलं काय ठेवू, काय काढू?

बोरघाट_७८

ताई, Avoid highways काढू नका. दुचाकीवाल्यांसाठी तेच खरं बटण आहे. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. हायवे टाळा असं सांगितलं की अ‍ॅप तुम्हाला तिकडे नेतच नाही. मी पनवेल ते पुणे कायम असाच जातो. वेळ जरा जास्त लागतो, पण मन निर्धास्त असतं.

नकाशावेडा

बोरघाट, एक्सप्रेसवे टळतो हे बरोबर आहे, पण त्याच्यासोबत आपला जुना हायवेही जातो. पनवेल, खोपोली, खंडाळा, लोणावळा असा जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता हासुद्धा राष्ट्रीय महामार्गच आहे. दुचाकीसाठी कायदेशीर, सरळ आणि रात्री वर्दळीचा रस्ता तोच. तुमचा वेळ जास्त लागतो त्याचं कारण बहुधा हेच असेल. एकदा बटण बंद करून, दुचाकीचं चिन्ह ठेवून तोच प्रवास पाहा.

दुचाकीला बंदी असलेला रस्ता टाळायचं काम त्या चिन्हाचं आहे. भारतात हा पर्याय डिसेंबर २०१७ मध्ये आला. Avoid tolls आणि Avoid highways ही बटणं मुळात वेगळ्या कामासाठी आहेत, पैसे वाचवायला आणि मोठे रस्ते नको असतील तेव्हा. त्यांना बंदी ओळखण्याच्या कामाला लावलं की ते जास्तीचं काहीतरी कापतात. घाटात तर अमृतांजन पॉइंटच्या आसपास जुना रस्ता आणि एक्सप्रेसवे थोडं अंतर एकच होतात आणि तिथून दुचाकी रीतसर जातात. तो तुकडा ‘हायवे’ म्हणून कापला, तर अ‍ॅपपुढे घाट चढायची वाटच उरत नाही. मग ते कुठूनतरी लांबून फिरवतं.

समुद्रकाठताई, Avoid tolls चंही तसंच आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनाक्यावर दुचाकीकडून पैसे घेत नाहीत. जुन्या रस्त्यावर शेडुंग, वरसोली, सोमाटणे असे नाके आहेत. टोल टाळा असं सांगितलंत तर जो पैसा तुम्ही भरणारच नव्हता तो वाचवायला अ‍ॅप चांगला रस्ता सोडून देईल. स्कूटरवर ते बटण कायमचं बंद ठेवा.

अण्णा_चिंचवड

पण जुलैपासून दुचाकीला पण टोल लागणार होता ना? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तारखेसकट आलं होतं.

नकाशावेडा

अण्णा, ती २०२५ च्या जूनमधली गोष्ट. १५ जुलैपासून लागू, असं फिरत होतं. गडकरींनी त्याच वेळी जाहीरपणे सांगितलं की असा निर्णय नाही आणि दुचाकीची सूट कायम आहे.

क्रेटावाला

टोलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. फास्टॅगचा वार्षिक पास घ्या, २०२५ मध्ये तो ३००० रुपयांत २०० फेऱ्यांचा होता. १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळतो. मी घेतल्यापासून टोल टाळायचं बटण बंदच केलं आहे. कोकणात जायला उत्तम.

समुद्रकाठ

दादा, आमची स्कूटर आहे हो. फास्टॅग नाही.

क्रेटावाला

अरे हो, दुचाकी हा शब्द वाचलाच नाही मी. माफ करा. चारचाकीवाले वाचत असतील त्यांच्यासाठी एवढंच की हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्सप्रेसवेवरच्या नाक्यांवर चालतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी ही राज्याची कामं, तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात. पास आहे म्हणून बटण बंद केलं आणि पुढे एक्सप्रेसवेवर टोल कापला गेला, असं माझ्या मेहुण्याचं झालं.

नकाशावेडा

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे. तिन्ही बटणं बंद केली तरी तुम्हाला किनाऱ्याचा रस्ता मिळेलच असं नाही, हे आधी सांगून ठेवतो.

Options मधली ही तिन्ही बटणं ‘टाळा’ म्हणणारी आहेत. ‘इकडून ने’ म्हणणारं एकही नाही. Avoid ferries बंद करणं म्हणजे ‘फेरीबोट चालेल’ एवढंच. ‘फेरीबोटच हवी’ असा त्याचा अर्थ होत नाही. मग अ‍ॅप वेळ मोजतं. तुमच्या मार्गावर एकापाठोपाठ तीन खाड्या आहेत आणि गावांमधले अरुंद रस्ते. दुसऱ्या बाजूला वडखळवरून मुंबई-गोवा महामार्ग धरून महाड, खेड, चिपळूण आणि मग गुहागर. वेळेच्या हिशोबात हायवेच जिंकणार. ते अ‍ॅपच्या जागी बरोबर आहे, तुम्हाला मात्र दुसरंच हवं आहे.

त्यामुळे किनारा हवा असेल तर तो थांब्यांनी बांधावा लागतो. दुचाकीचं चिन्ह ठेवा, तिन्ही बटणं बंद करा, आणि Add stop वापरून मध्ये थांबे घाला. थांबा गावाचा घालू नका, जेट्टीचा घाला. मुरूडच्या पुढे आगरदांडा जेट्टी, मग खाडीपलीकडची दिघी जेट्टी. हरिहरेश्वरजवळची बागमांडला जेट्टी, पलीकडे वेश्वी. शेवटी दाभोळ आणि पलीकडे धोपावे. दोन्ही काठांवर थांबा असला की मधला तुकडा पाण्यावरूनच काढणं त्याला सोपं जातं. नकाशावर तो तुकडा तुटक रेषेने दिसतो आणि पायऱ्यांच्या यादीत फेरीचं नाव येतं. तुटक रेषा दिसली नाही, तर थांबा चुकीच्या जागी पडलाय असं समजा.

दापोली ते गुहागर घ्या, म्हणजे फरक किती पडतो ते कळेल. दापोलीहून दाभोळ तीसेक किलोमीटर, मग बोट, आणि धोपाव्याहून गुहागर वीसेक. Avoid ferries चालू ठेवलंत तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभराच्या वर जाणारा वळसा.

समुद्रकाठ

किती नीट सांगितलंत, आभार. लगेच करून पाहिलं. बागमांडला आणि दाभोळ जमलं, तुटक रेषा आली. पण दिघी टाकल्यावर प्रवास साडेचारशे किलोमीटरच्या वर गेला. मुरूड ते दिघी मध्ये पुण्याला जाऊन परत यायचं म्हणतोय!

अण्णा_चिंचवड

ते आमच्या भोसरीशेजारचं दिघी असणार. आळंदीला जाताना लागतं.

नकाशावेडा

अण्णांनी बरोबर ओळखलं. मुरूडचंही तसंच आहे बरं का. एक तुमचं रायगडातलं जंजिऱ्याचं मुरूड, एक दापोली तालुक्यातलं हर्णैजवळचं मुरूड, एक लातूर जिल्ह्यातलं. तुमच्या वाटेवर यातली दोन मुरुडं येतात, त्यामुळे नाव लिहून पहिला पर्याय दाबायची सवय इथे महागात पडते. नकाशा हाताने सरकवून जेट्टीवर बोट दाबून धरा, खूण पडते, ती थांबा म्हणून घाला. खूण रस्त्याच्या टोकावर पडू दे, पाण्यात नको. पाण्यात पडली तर अ‍ॅप जवळचा रस्ता शोधतं आणि तो कधी कधी समोरच्या काठावरचा असतो.

आणखी एक गोष्ट आहे. बटणं पूर्ण प्रवासाला एकसारखी लागू होतात. मधला एकच टप्पा हायवे टाळून आणि बाकीचा न टाळता, असं एका प्रवासात होत नाही. तसं हवं असेल तर प्रवासाचे दोन-तीन तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा सुरू करताना बटणं तपासा. तुम्ही दोन दिवस घेणार आहात, तर हरिहरेश्वरला तोडणं सोयीचं पडेल.

वेश्वीकर

मी या भागातला. जेट्टीबद्दल थोडं बोलतो, कारण नकाशावर तुटक रेषा दिसली म्हणजे बोट उभी आहे असं पर्यटक समजतात.

पहिली गोष्ट म्हणजे शेवटची फेरी. संध्याकाळनंतर आलात तर बोट नसते. वारा किंवा लाटा जास्त असल्या की फेऱ्या थांबतात, पावसाळ्यात तर हे बरेचदा होतं. अ‍ॅप तरी रेषा दाखवतच राहतं. आदल्या दिवशी जेट्टीवर फोन करून शेवटची फेरी विचारा. दुसरी गोष्ट वाट बघण्याची. सुट्टीच्या दिवशी चारचाकींची रांग लागते. दुचाकीला त्यामानाने लवकर जागा मिळते, तरी मिळेलच असं नाही. अ‍ॅपने सांगितलेल्या वेळेत हे थांबणं धरलेलं असेल यावर विसंबू नका.

बागमांडल्याला फेरी चुकली तर मागे श्रीवर्धन, म्हसळा, मग आंबेतचा पूल ओलांडून म्हाप्रळ आणि मंडणगड, असा वळसा आहे. अंधारात स्कूटरवर तो नका करू. हरिहरेश्वरला मुक्काम करा, सकाळी पहिल्या बोटीने या. आमच्याकडून पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै हा रस्ता फार सुंदर आहे.

समुद्रकाठ

काका, हे खूप मोलाचं आहे. हरिहरेश्वरचा मुक्काम नक्की केला.

राइडर_ठाणे

मी दिवसभर ठाणे-मुंबईत दुचाकीवर डिलिव्हरी करतो. नकाशावेडा म्हणतात ते दुचाकीच्या चिन्हाचं बरोबर आहे, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मुंबईत सी लिंक, अटल सेतू, कोस्टल रोड, फ्रीवे, जेजे उड्डाणपूल, सगळीकडे दुचाकीला बंदी. जुन्या रस्त्यांची बंदी अ‍ॅपला सहसा माहीत असते. नवीन रस्ता उघडला, एखादी चढण बदलली, की सुरुवातीला गोंधळ होऊ शकतो. रस्त्यावरची पाटी आणि अ‍ॅप यात फरक पडला तर पाटी खरी. दंड आपल्यालाच भरावा लागतो.

दुसरी अडचण उलटी आहे. दुचाकी निवडली की अ‍ॅप गल्लीबोळ काढतं, जिथून गाडी जाणार नाही तिथून. मुंबईत ते वरदान आहे. खेडेगावात तोच बोळ कोणाच्या तरी अंगणात संपतो किंवा कच्च्या रस्त्याला लागतो. ‘कच्चा रस्ता टाळा’ असं बटण नाही. ताईंच्या प्रवासात कुठे मुख्य रस्ता सोडून दोन मिनिटं वाचवणारी वाट दाखवली तर घेऊ नका.

बोरघाट_७८

मी काल बटण बंद करून पाहिलं. पनवेल ते पुणे, दुचाकी. जुना रस्ताच आला, एक्सप्रेसवे नाही. घाटात अमृतांजनजवळ थोडा वेळ मोठ्या रस्त्यावर घेतो आणि खंडाळ्याला उतरवतो, अगदी आपण जातो तसं. इतकी वर्षं मी फिरून जात होतो. मान्य.

पण एक शंका आहे. Avoid highways चालू करून अलिबाग ते चिपळूण टाकलं, तर मुंबई-गोवा महामार्गाचे काही तुकडे तरीही वापरतो. हायवे टाळा म्हटल्यावर हायवे कसा?

नकाशावेडा

दोन कारणं संभवतात. एक तर ही बटणं हुकूम देत नाहीत, कल दाखवतात. टाळून जाणारा रस्ता फारच लांब पडत असेल किंवा नसेलच, तर अ‍ॅप टाळायचा रस्ताही वापरतं. बेटावर जायचं आणि Avoid ferries चालू असेल तरी बोटच दाखवेल, दुसरं दाखवायला काही नाही.

दुसरं कारण म्हणजे ‘हायवे’ कोणाला म्हणायचं ते. पाटीवर राष्ट्रीय महामार्ग लिहिलंय म्हणून अ‍ॅपच्या लेखी तो हायवे असेलच असं नाही. त्यांनी रस्त्याला दिलेला दर्जा वेगळा असू शकतो, आणि गूगलच्या आत तो काय आहे ते आपल्याला दिसत नाही.

मी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या नकाशावर रस्ते भरतो, तिथे हे उघड दिसतं. भारतात एक्सप्रेसवेला `highway=motorway` आणि राष्ट्रीय महामार्गाला सहसा `highway=trunk` असं लिहितात. त्या नकाशावर चालणाऱ्या ऑसमँड अ‍ॅपमध्ये मोटरवे टाळा म्हटलं, तर एक्सप्रेसवे जातो आणि जुना हायवे राहतो. बोरघाटना जे हवं होतं ते तिथे तसंच्या तसं मिळतं. शिवाय तिथे कच्चे रस्ते टाळता येतात आणि नकाशावर बोट ठेवून ‘हाच एक रस्ता टाळ’ असंही सांगता येतं. दुचाकीला बंदी असलेल्या रस्त्यावर कोणीतरी अशी नोंद केलेली असावी लागते:

```
highway=motorway
motorcycle=no
toll=yes
```

फेरीला `route=ferry` आणि `duration=00:20` अशी नोंद केली, तर वीस मिनिटं धरली जातात. ही नोंद नसेल तर अंतरावरून अंदाज होतो आणि तो चुकतो. म्हणजे शेवटी कोणी किती काळजीने भरलंय त्यावर आहे. रहदारीची माहिती तिथे नाही, म्हणून मी शहरात गूगल आणि कोकणात दोन्ही वापरतो.

राइडर_ठाणे

माझ्याकडे मात्र Avoid highways लावल्यावर वडखळच्या पुढचा गोवा महामार्ग पूर्ण गायब होतो, आतून रोह्यावरून नेतो. बोरघाट यांना तुकडे दिसतात, मला नाही. दोघांचंही दुचाकीच.

बोरघाट_७८

मी आत्ता परत पाहिलं. तुकडे आहेतच. तुम्ही सकाळी पाहिलंत, मी रात्री. रहदारीमुळे असेल का?

नकाशावेडा

असू शकेल, सुरुवातीचा बिंदू थोडा वेगळा असला तरी बदलतं. मला खात्रीने सांगता येणार नाही. दोघांनी एकाच वेळी, त्याच दोन खुणा टाकून पाहिलं तर काही कळेल.

समुद्रकाठ

आम्ही जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहिते.

निघायच्या आदल्या रात्री तिन्ही बटणं बंद केली आणि प्रवासाचे दोन तुकडे केले. पहिला अलिबाग ते हरिहरेश्वर, थांबे आगरदांडा आणि दिघी, दोन्ही बोट दाबून धरून घातलेले. रेवदंड्याचा पूल, काशीद, मुरूड, सगळं मनासारखं झालं. आगरदांड्याला स्कूटर लगेच बोटीत गेली. खाडीत मात्र एक गोष्ट झाली जी इथे कोणी लिहिली नव्हती. बोट चालू असताना अ‍ॅपला वाटलं आपण रस्ता सोडला, आणि ते ‘मागे वळा’ म्हणायला लागलं. बहीण घाबरली. उतरून रस्त्याला लागल्यावर दोन मिनिटांत ते आपोआप ठीक झालं.

दिवेआगरला आम्ही जास्तच रेंगाळलो. श्रीवर्धनला चहा घेताना उजेड कमी झाला होता आणि अ‍ॅपवर पुढचं बागमांडला, वेश्वी, केळशी शांतपणे दिसत होतं, जणू लगेच ओलांडता येईल. वेश्वीकरकाकांचं आठवलं आणि हरिहरेश्वरलाच थांबलो. रात्री खोलीच्या मालकांनी सांगितलं, शेवटची बोट आम्ही श्रीवर्धनला असतानाच गेली होती.

दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याच्या अलीकडे अ‍ॅपने मुख्य रस्ता सोडून एक आतली वाट सुचवली, तीन मिनिटं वाचतील म्हणून. राइडरदादांचं ऐकून घेतली नाही. दाभोळला थोडं थांबावं लागलं, रांगेत गाड्या होत्या, पण स्कूटर कडेने पुढे घेतली. धोपाव्याला उतरून दुपारच्या जेवणाला गुहागरला.

परत येताना एकच दिवस होता, म्हणून चिपळूणवरून हायवेने आलो. तेव्हा थांबे काढले, बटणं बंदच ठेवली. टोलनाक्यावरून तसेच पुढे गेलो, कोणी थांबवलं नाही.

वेश्वीकर

बरं झालं थांबलात. बोट चालू असताना अ‍ॅप बिथरतं हे खरं आहे, आमच्याकडचे चालक बोटीत चढले की नॅव्हिगेशन बंद करतात आणि पलीकडे उतरून परत सुरू करतात.

क्रेटावाला

मी पुढच्या महिन्यात याच रस्त्याने चारचाकी नेतोय. चारचाकीला पण असेच जेट्टीचे थांबे घालायचे ना? आणि दाभोळला रांगेत साधारण किती वेळ धरू?

वेश्वीकर

थांबे तसेच. रांगेचं वारावर आहे. शनिवारी सकाळी आलात तर एक-दोन बोटी सोडाव्या लागतील असं धरून चला, मधल्या वारी बहुतेक लगेच.